सोनोग्राफीला ‘उपाशी या’ म्हणजे ‘उपवास करून या’ नव्हे

एका एकादशीला सकाळी साडेनऊ वाजता एक ताई टेबलावर झोपल्या, मी पोटाला जेल लावलं, प्रोब ठेवला आणि स्क्रीनवर पित्ताशय काही दिसेना. विचारलं, ताई काही खाल्लंय का? तर म्हणे “नाही हो मॅडम, आज तर उपवासच आहे, फक्त साबुदाण्याची खिचडी आणि कपभर दूध घेतलं”. आता यात त्यांची काय चूक, फोनवर आमच्याकडूनच कुणीतरी “उपवास करून या” असं सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी आमच्या रिसेप्शनवरच्या मुलींना ‘उपवास’ हा शब्दच बंद करून टाकला. उपाशीपोटी या, तोंडात काही घालायचं नाही, साधं पाणी चालेल, एवढंच बोलायचं.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं सोनोग्राफी करतेय आणि रोज दोन-तीन जण तरी असे येतात की ज्यांची तयारी अर्धवट झालेली असते. चिडचिड होते, परत यावं लागतं, सुट्टी जाते. बहुतेकांना सूचना माहीत असते पण ती कशासाठी ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मग “एक कप चहाने काय होतंय” असं वाटतं. तर हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि खास करून त्यांच्यासाठी ज्यांच्या चिठ्ठीवर ‘यूएसजी होल अ‍ॅब्डोमेन’ किंवा ‘अ‍ॅब्डोमेन अँड पेल्विस’ लिहिलंय, कारण त्यात दोन्ही गोष्टी एकदम लागतात, पोट रिकामं आणि लघवीची पिशवी भरलेली, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी दोन मिनिटं हवा आणि पाण्याबद्दल

सोनोग्राफी म्हणजे आवाजच, फक्त आपल्या कानाला ऐकू न येणारा. प्रोबमधून तो आत जातो, वेगवेगळ्या अवयवांवर आपटून थोडा थोडा परत येतो आणि त्या परत आलेल्या आवाजातून चित्र तयार होतं. हा आवाज पाण्यातून मजेत जातो, लिव्हर-किडनीसारख्या मऊ अवयवांतूनही बऱ्यापैकी जातो, पण हवा लागली की संपलं. मांस आणि हवा जिथे भेटतात तिथून जवळजवळ सगळा आवाज मागे फिरतो, पुढे काहीच जात नाही. म्हणूनच ते थंडगार चिकट जेल लावतात, प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहू नये म्हणून. जेल न लावता प्रोब ठेवला तर स्क्रीनवर नुसता धूर दिसतो.

आता बाहेरची हवा जेलने काढली पण आतड्यातली हवा कशी काढणार, तिथे जेल नाही लावता येत. आतड्यात गॅस असला की त्याच्या मागचं सगळं झाकलं जातं, आणि पोटात आतडी कुठे नसतात सांगा. म्हणजे बघा, उपाशी राहायला सांगतात ते हवा कमी करायला (आणि अजून एका कारणासाठी, ते पुढे), आणि पाणी प्यायला सांगतात ते आपल्याला हव्या त्या जागी पाणी भरून ठेवायला. दोन्ही सूचना दिसायला उलट्या पण काम एकच, आवाजाला आत जायला वाट करून देणं.

उपाशी कशाला, तर मुख्य म्हणजे पित्ताशयासाठी

लिव्हरच्या खाली चिकटलेली एक छोटीशी पिशवी असते, पित्ताशय, सगळे गॉलब्लॅडरच म्हणतात. जेवण नसतं तेव्हा लिव्हरमधून आलेलं पित्त तिथे साठतं आणि ती फुगते. तुम्ही काही खाल्लं, त्यातही तूप, तेल, दूध, म्हणजे स्निग्ध काही, की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि ते गॉलब्लॅडरला सांगतं की आता दाब स्वतःला आणि पित्त सोड. अर्ध्या-पाऊण तासात ती पिशवी बऱ्यापैकी आकसते. परत भरायला मात्र कित्येक तास लागतात.

आकसली तर बिघडतं काय? फुग्यातली हवा सोडल्यावर त्याचं रबर कसं जाड आणि सुरकुतलेलं दिसतं, तसंच. उपाशीपोटी नॉर्मल गॉलब्लॅडरची भिंत ३ मिलिमीटरपर्यंत असते. तीच भिंत खाल्ल्यानंतर ४-५ मिलिमीटर दिसू शकते, आणि भिंत जाड होणं हे गॉलब्लॅडरला सूज आल्याचंही एक लक्षण आहे. मग आता ही सूज आहे का सकाळची मिसळ आहे हे मी कसं ओळखू? दुसरं म्हणजे आत खडे असतील तर ते दिसायला भोवती पित्ताचं काळं पाणी लागतं, काळ्या पाण्यात पांढरा खडा उठून दिसतो. पाणीच नाही तर खडा भिंतीत मिसळून जातो, छोटा असला तर सुटूनही जातो.

मग राहतं स्वादुपिंड, म्हणजे पॅनक्रियाज. ते बिचारं जठराच्या मागे लपलेलं असतं. जठरात पोहे-उपमा-चहा असलं की त्या लगद्यात हवा मिसळलेली असते आणि मागचं स्वादुपिंड झाकून जातं. काही वेळा आम्ही मुद्दाम उलटं करतो, दोन-तीन ग्लास साधं पाणी प्यायला लावतो आणि त्या पाण्यातून खिडकीतून बघावं तसं मागे बघतो. ते कधी करायचं ते आमच्यावर सोडा.

आदल्या रात्री आणि सकाळी काय करायचं

सकाळी ९ ची वेळ आहे असं धरू.

आदल्या दिवशी रात्रीचं जेवण साधं घ्या आणि ९ च्या आसपास आटपा. वरण-भात, पोळी, दुधी-दोडक्याची भाजी असं काहीतरी. राजमा, छोले, वाटाणा, कोबी, मोडाची मटकी हे त्या एका रात्री नको, आणि नाशिककर असल्यामुळे मिसळीवर एक वेगळं वाक्य लिहावं लागतंय, रविवारी मिसळ हाणून सोमवारी सकाळी आलेल्या माणसाच्या पोटात जे काही चाललेलं असतं ते मला स्क्रीनवर दिसतं. सोडा, कोल्ड्रिंक पण नको, त्यात तर गॅसच भरलेला आहे.

त्यानंतर तपासणी होईपर्यंत काही खायचं नाही, निदान ६ ते ८ तास पोट रिकामं हवं. ८ तास झाले तर उत्तम. १४-१५ तास उपाशी राहून चित्र काही जास्त चांगलं येत नाही, उगाच चक्कर येते. सकाळी उठल्यावर दात घासा, चूळ भरा, त्याने काही होत नाही. चहा मात्र नाही. “बिनसाखरेचा चालेल का” असं सगळे विचारतात, अहो साखरेचा प्रश्नच नाहीये, प्रश्न दुधातल्या सायीचा आहे. बिस्किट नाही, उपवासाचं काही नाही, आणि खिशातला राजगिऱ्याचा लाडू पण नाही. च्युइंगम, तंबाखू, मावा, विडी-सिगरेट हे पण बंद, कारण चघळताना आणि ओढताना माणूस बरीच हवा गिळतो आणि ती हवा मग आमच्याकडे येते.

बीपी, थायरॉइड, फिटच्या वगैरे रोजच्या गोळ्या दोन घोट पाण्याबरोबर घेऊन टाका, त्यांनी सोनोग्राफीला काहीही होत नाही, आणि गोळी चुकवून बीपी वाढलेलं घेऊन यायचं काही कारण नाही. शुगरची गोळी आणि इन्सुलिन याचं मात्र उलट आहे. ते घेऊन उपाशी राहिलात तर साखर खाली जाऊ शकते. तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा की सकाळचा डोस कधी घेऊ, बुकिंग करताना सांगा की डायबेटिस आहे, म्हणजे सकाळचा पहिला नंबर मिळेल, आणि डबा बरोबर ठेवा. वाट बघताना घाम आला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली तर गप्प बसून राहू नका, लगेच सांगा आणि गोड काहीतरी खा. सोनोग्राफी उद्या पण होईल.

तान्ह्या बाळांना आणि लहान मुलांना आठ तास उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं वयाप्रमाणे ठरतं, सेंटरला वय सांगून विचारा. आणि अचानक जोरात पोटात दुखतंय, ताप-उलट्या आहेत, अपघात झालाय, तर तयारी वगैरे काही बघायची नाही, आहे तसे या.

आता पाणी, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात

ओटीपोटात, म्हणजे बेंबीच्या खाली, लघवीची पिशवी असते, तिच्या मागे बायकांमध्ये गर्भपिशवी आणि अंडाशय, पुरुषांमध्ये पिशवीच्या खाली प्रोस्टेट. पिशवी रिकामी असेल तर वरून आतड्याची वेटोळी खाली उतरून सगळी जागा अडवतात आणि आतड्यात काय असतं ते आपण बघितलंच, हवा. पिशवी भरली की ती आतड्यांना वर ढकलते आणि स्वतः एक स्वच्छ पाण्याची खिडकी होते. गर्भपिशवी बहुतेक बायकांमध्ये पुढे वाकलेली असते, भरलेली पिशवी तिला जराशी सरळ करते म्हणजे ती पूर्ण लांबीत दिसते. शिवाय आवाज पाण्यातून फारसा क्षीण न होता जात असल्याने पाण्याच्या मागे जे काही असेल ते जास्त उजळ, जास्त स्पष्ट दिसतं, हा फुकटचा फायदा. आणि पिशवीची स्वतःची भिंतही ती ताणलेली असेल तरच तपासता येते, रिकामी पिशवी नेहमीच जाड दिसते, अगदी गॉलब्लॅडरसारखंच.

करायचं काय तर ९ च्या वेळेसाठी ७ च्या सुमाराला एकदा लघवीला जाऊन या. मग साडेसात ते आठ या अर्ध्या तासात चार ग्लास साधं पाणी प्या, म्हणजे साधारण एक लिटर. आणि मग लघवीला जायचं नाही, तपासणी होईपर्यंत. बाटली उंच धरून घटाघटा ओतू नका आणि स्ट्रॉने पण नको, ग्लासला तोंड लावून सावकाश प्या, नाहीतर पाण्याबरोबर हवाही जाते आणि एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने घालवलं असं होतं.

सेंटरवर येऊन नंबर लागल्यावर बाटली तोंडाला लावणारे पण खूप असतात. पाणी प्यायलं आणि पिशवी भरली असं होत नाही. पाणी जठरातून आतड्यात, तिथून रक्तात, मग किडनीत आणि मग पिशवीत, एवढा प्रवास आहे, आणि रात्रभर पाणी न प्यायलेलं शरीर पहिले एक-दोन ग्लास स्वतःकडेच ठेवून घेतं. त्यामुळे तास-दीड तास धरायचाच. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मात्र पिशवी फार लवकर भरते, ते आधी सांगा.

किती भरली म्हणजे पुरे? चांगली लागलीय, जावंसं वाटतंय, पण अजून बसून बोलू शकतोय, एवढी. पाय एकमेकांवर दाबून घाम फुटेपर्यंत नाही. जास्त भरली की काय होतं ते खाली काकांच्या बाबतीत सांगते. आणि नंबरला उशीर होत असेल, जो होतोच, आमच्याकडे पण होतो, मधेच एखादी इमर्जन्सी येते, तर काउंटरवर जाऊन सांगा की मला लागलीय. आम्ही आधी तुमचं ओटीपोट बघून घेतो, तुम्ही लघवी करून या, वरचं पोट नंतर. खूपच झालं तर थोडी सोडून या असं आम्ही सांगतो, मधे थांबवता येत नाही अशी तक्रार असते त्यावर उपाय म्हणजे एक कागदी कप घेऊन जायचं आणि एक-दोन कप भरले की थांबायचं, मोजायला काहीतरी असलं की जमतं.

पाण्याचा नियम सगळ्यांना सारखा नाही हे पण लक्षात ठेवा. डायलिसिस चालू आहे, हार्टचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय, अशांनी एक लिटर अजिबात प्यायचं नाही, आधी विचारायचं. लघवीची नळी असेल तर ती तपासणीआधी काही वेळ बंद ठेवावी लागते, ते पण सेंटर आणि डॉक्टर ठरवतील, घरी कुणी चिमटा लावत बसू नका. आणि बायकांची आतून करायची, म्हणजे टीव्हीएस सोनोग्राफी असेल तर पिशवी रिकामी लागते, तिथे प्रोब अवयवांच्या अगदी जवळ असतो, पाण्याच्या खिडकीची गरजच नसते, भरलेली पिशवी उलट मधे येते. गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून बघायचं असेल तर पाणी लागतं, पुढे बाळाभोवतीचं पाणीच खिडकीचं काम करतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात फार भरलेली पिशवी घेऊन आलात तर ती गर्भपिशवीचा खालचा भाग दाबते आणि वार खरोखर आहे त्यापेक्षा खाली आल्यासारखी दिसू शकते, घरी रडारड होते, आणि लघवी करून आल्यावर बघावं तर वार जागच्या जागी.

सिन्नरचे काका, दोन दिवस

आता हे सगळं एका माणसात कसं दिसतं ते सांगते. काका ६३ वर्षांचे, सिन्नरहून एसटीने आले. तक्रारी दोन, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखतं, आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. चिठ्ठीवर होल अ‍ॅब्डोमेन, वर ‘पीव्हीआर’ असं लिहिलेलं, म्हणजे लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते मोजायचं.

पहिला दिवस. झोपवलं, उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवला, दीर्घ श्वास घेऊन धरायला सांगितलं. लिव्हर छान. गॉलब्लॅडर म्हणजे सुकलेल्या मनुकेसारखं काहीतरी, भिंत ५ मिलिमीटर, आत काळं पाणी जवळजवळ नाहीच, मधे एक पांढरी रेघ आणि तिच्या मागे सावली. ही सावली खड्याची, का शेजारी चिकटलेल्या आतड्यातल्या गॅसची? ओळखायची एक खूण आहे, खड्याची सावली स्वच्छ, काळी, कडेला कापल्यासारखी असते, गॅसची सावली मळकट, राखाडी, धुरकट. काकांची मधलीच कुठलीतरी होती. कुशीवर वळवलं, काही हललं नाही, कारण हलायला आत जागाच नव्हती.

म्हटलं काका, सकाळी काय घेतलं? “काही नाही.” काहीच नाही? “काहीच नाही, फक्त स्टँडवर उतरल्यावर एक चहा आणि दोन खारी.” चहा ‘काही’ मध्ये मोजत नाहीत आपल्याकडे, त्यामुळे मी आता थेट चहाचंच विचारते. आणि एसटीत अडचण नको म्हणून पाणी पण प्यायलेले नव्हते, उतरल्या उतरल्या लघवी करून आले होते. पिशवीत ६० मिलि. प्रोस्टेटची मागची कड दिसेना.

इथे मला दोन वाटा होत्या. एक, ‘गॉलब्लॅडरची भिंत जाड, सूज असावी’ असं लिहून मोकळं व्हायचं. सुरुवातीच्या वर्षांत मी असा एक रिपोर्ट लिहिलेला आहे, पेशंटने खाल्लंय का ते न विचारता, आणि तो माणूस आठ दिवस अँटिबायोटिक खाऊन परत आला तेव्हा गॉलब्लॅडर अगदी नॉर्मल होतं, ते अजून बोचतं. दुसरी वाट, उद्या परत बोलवायचं. काका वैतागले, पुन्हा तिकीट, पुन्हा अर्धा दिवस, पण आले.

दुसरा दिवस, तोच माणूस, तेच मशीन. रात्री साडेआठला जेवलेले, त्यानंतर काही नाही, चहा पण नाही (त्याचा राग चेहऱ्यावर होता). गॉलब्लॅडर साडेसात सेंटिमीटर लांब, एखाद्या छोट्या वांग्यासारखं फुगलेलं, आतून काळंशार, भिंत २ मिलिमीटर. आणि तळाला तीन पांढरे खडे, प्रत्येकी ६-७ मिलिमीटर, मागे कापल्यासारखी काळी सावली. डाव्या कुशीवर वळवलं तसे तिघेही घरंगळत खाली आले. खडा हलतो, भिंतीला चिकटलेला पॉलिप सहसा हलत नाही, म्हणून हे वळवणं. काल भिंत जाड दिसली ती फक्त चहा-खारीने आकसल्यामुळे, सूज नव्हतीच, पण खडे मात्र खरे होते. म्हणजे एका कप चहाने एक खोटा आजार दाखवला आणि एक खरा लपवून ठेवला.

स्वादुपिंडाचं डोकं आणि मधला भाग दिसला, शेपटीवर मात्र गॅस. हे सगळं नीट पाळूनही होतं, आतडी काही पूर्ण रिकामी होत नाहीत.

मग खाली आले आणि वेगळीच गंमत. काल रागावले होते ना, म्हणून काकांनी आज दोन लिटर पाणी पिऊन ठेवलं होतं, एसटीत बसून. पिशवीत ७५० मिलि. दोन्ही किडन्या थोड्या थोड्या फुगलेल्या दिसत होत्या, म्हणजे खालून पाणी जायला जागा नाही म्हणून वर तुंबलेलं. प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये असं दिसलं की पोटात गोळा येतो, कारण खरंच अडथळा असेल तर किडनीवर ताण येतोय असा त्याचा अर्थ होतो. प्रोस्टेट स्पष्ट दिसला, मोजला, ३८ ग्रॅमच्या आसपास, वाढलेला. लघवी करून यायला सांगितलं, परत मोजलं तर १७० मिलि उरलेली.

१७० हा आकडा तसाच लिहिला असता तर यूरॉलॉजिस्टने ‘पिशवी नीट रिकामी होत नाही’ असं समजून पुढचे उपचार ठरवले असते. पण प्रमाणाबाहेर ताणलेली पिशवी एका दमात रिकामी होत नाही, तिचे स्नायू दमतात, आणि घाईत, बाहेर पाच माणसं उभी असताना, अनोळखी संडासात तर नाहीच. काकांना म्हटलं बाहेर जरा फिरा, पंधरा मिनिटांनी पुन्हा जा, निवांत. परत आले तेव्हा ४० मिलि. आणि दोन्ही किडन्यांची फुगी उतरलेली. ती भरलेल्या पिशवीमुळे होती, अडथळ्यामुळे नाही. लघवी करून आल्यावरही किडन्या तशाच फुगलेल्या राहिल्या असत्या तर मात्र ती गोष्ट गंभीर. पिशवीचं माप कसं काढतात तेही सांगून टाकते, लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजून तिघांचा गुणाकार आणि त्याला ०.५२ ने गुणायचं, मशीन आपोआप करतं.

तर अशी तुमची पण पीव्हीआर असेल तर लघवी झाल्या झाल्या लगेच परत टेबलावर या, मधे पाणी पिऊ नका, बाहेर गप्पा मारत बसलात तर पिशवी पुन्हा भरायला लागते आणि उरलेली लघवी उगाच जास्त दिसते. आणि नीट झाली नाही असं वाटलं तर तसं सांगा, आम्ही पुन्हा पाठवू.

काउंटरवर काय सांगायचं

तीनच गोष्टी. शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि किती वाजता, चहासकट. शेवटची लघवी किती वाजता. आणि पोटाचं आधी काही ऑपरेशन झालंय का, कारण गॉलब्लॅडर काढलेलं असेल आणि तुम्ही बोलला नाहीत तर मी ते शोधत बसते, असं झालेलं आहे. खाल्लं असेल तर लपवू नका, ओरडणार नाही, आणि ओरडलं कुणी तरी चालेल, पण खोटं सांगू नका, कारण मग स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा अर्थ मी ‘हा माणूस उपाशी आहे’ असं धरून लावते. जुने रिपोर्ट आणा. गरोदर असाल तर ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि फॉर्म भरावा लागतो, तो कायदाच आहे.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते त्याच सकाळी उरकून घ्या, सोनोग्राफीआधी, पाण्याने त्याला सहसा अडचण नसते. रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही झाली की मग कुठे ती मिसळ.

फक्त किडनी आणि लघवीचा मार्ग बघायचाय, चिठ्ठीवर ‘केयूबी’ आहे, तर उपाशी राहायची फारशी गरज नाही, पण पाणी लागतंच, मुतखडा पिशवीच्या तोंडाशी अडकलेला असेल तर तो भरलेल्या पिशवीतूनच दिसतो. थायरॉइड, स्तन, सांधे यांना काहीच तयारी नाही, तरी लोक उपाशी येतात.

रिपोर्टमधलं एक वाक्य

घरी गेल्यावर रिपोर्टमध्ये ‘पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’ किंवा ‘गॉलब्लॅडर पार्शली कॉन्ट्रॅक्टेड’ किंवा ‘ब्लॅडर अंडरफिल्ड’ असं काही दिसलं तर त्याचा अर्थ ‘आजार आहे’ असा नाही आणि ‘नॉर्मल आहे’ असा तर मुळीच नाही. त्याचा अर्थ एवढाच की तो भाग नीट बघता आला नाही. खाली ‘नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मॅलिटी’ लिहिलेलं असलं तरी ते दिसलेल्या भागापुरतं आहे. ज्या कारणासाठी डॉक्टरांनी पाठवलं होतं तो अवयव नेमका हाच असेल, म्हणजे पोटात वर मधोमध दुखून पाठीत कळ जाते आणि स्वादुपिंडच दिसलं नाही, तर रिपोर्ट हातात घेऊन त्यांनाच विचारा की पुन्हा तयारी करून बघायचं का सीटी करायचा. काकांच्या स्वादुपिंडाची शेपटी दिसली नाही असं मी लिहिलं होतं, त्यांच्या सर्जनने ते वाचलं, दुखण्याचं कारण खड्यांमध्ये सापडलं होतं म्हणून सीटीची गरज नाही म्हणाले, आणि काका पुढच्या आठवड्यात फोन करून विचारत होते की ऑपरेशनच्या आदल्या रात्री चहा चालेल का.